मनाई कोणाला आणि मोकळीक कोणाला

प्रश्न: सर, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. धर्मनिरपेक्षतेवर प्रश्न दिला की अर्धे पोट्टे ‘धर्म न मानणे’ असं लिहितात आणि उरलेले ‘सर्व धर्म चांगले आहेत’ असं. एकानं तर वर्गात विचारलं, ‘म्हणजे सरकार देवाच्या विरोधात आहे का जी?’ राज्याची धर्मनिरपेक्षता आणि धर्माचा द्वेष यातला फरक तपासणारा प्रश्न कसा काढावा, आणि उत्तर तपासताना काय बघावं?

उत्तर:

मॅडम, त्या पोराचा प्रश्न चांगला आहे आणि त्याची चूक भाषेतून आलेली आहे. खेड्यात ‘धर्म’ हा शब्द दिवसातून दहादा येतो, पण देवळामशिदीपुरता येत नाही. शेजारधर्म असतो, तहानलेल्याला पाणी पाजणं हा धर्म असतो. ‘निरपेक्ष’ म्हणजे काही अपेक्षा न ठेवता. हे दोन शब्द जोडले की पोराच्या कानावर पडतं, ‘धर्माशी काही देणंघेणं नसलेला’. त्यात जुन्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत ‘निधर्मी राज्य’ असं सर्रास लिहिलेलं असायचं. संविधानाच्या हिंदी पाठात हाच शब्द ‘पंथनिरपेक्ष’ असा आहे. मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ रूढ झाला आणि गोंधळ शब्दासोबत आला.

हा गोंधळ सोडवायला व्याख्येपेक्षा व्याकरण बरं. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली उद्देशिका उघडायला सांगा आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे विशेषण कोणाला लागलं आहे ते शोधायला लावा. ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’. म्हणजे ते गणराज्याला लागलं आहे. मग दोन ओळी खाली नागरिकांना काय मिळालं आहे ते वाचून घ्या: ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’. एकाच पानावर राज्याला निरपेक्ष राहायला सांगितलं आहे आणि माणसाला श्रद्धेची मोकळीक दिली आहे. निरपेक्ष कोण, तर राज्य. माणूस नव्हे. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की ‘धर्म न मानणे’ लिहिणारे निम्मे कमी होतात.

उरलेल्यांसाठी प्रश्न बदलावा लागतो. ‘धर्मनिरपेक्षता म्हणजे काय? तिचे महत्त्व स्पष्ट करा’ या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तरच येणार, आणि ते बरोबर असलं तरी पोराला फरक कळला का हे तुम्हाला कळणार नाही. फरक कळतो तो प्रसंग दिल्यावर. त्यातही कलम 28 सगळ्यात सोयीचं, कारण ते शाळेबद्दल आहे आणि तिन्ही प्रकारच्या शाळा पोरांनी पाहिलेल्या असतात. आठ गुणांचा प्रश्न असा ठेवता येईल:

एका गावात तीन शाळा आहेत. पहिली जिल्हा परिषदेची. दुसरी एका धार्मिक संस्थेने काढलेली. शिक्षकांचा पगार शासनाच्या अनुदानातून होतो, इमारत आणि इतर खर्च संस्था करते. तिसरीही अशाच एका संस्थेची. तिला शासनाची मान्यता आहे, पण अनुदान नाही. तिन्ही शाळा ठरवतात की आठवड्यातून एक तास एका धर्मग्रंथाची शिकवण द्यायची आणि सगळ्या विद्यार्थ्यांनी त्या तासाला बसायचं.
(अ) प्रत्येक शाळेला हे करता येईल का? कारण द्या. (3 गुण)
(आ) दुसऱ्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीला त्या तासाला बसायचं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, ‘पालकांनी लेखी हरकत घेतलेली नाही, म्हणजे त्यांची संमती आहे.’ हे बरोबर आहे का? (2 गुण)
(इ) ‘पहिल्या शाळेला मनाई केली, म्हणजे राज्य धर्माच्या विरोधात आहे.’ या विधानाचं परीक्षण करा. (3 गुण)

प्रश्नातला एकेक शब्द का तसा ठेवला आहे ते सांगतो, कारण प्रश्न इथेच बिघडतात. धर्माचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. नाव दिलं की पोरगा कलम न बघता आपली बाजू बघतो. दुसऱ्या शाळेच्या खर्चाची फोड प्रश्नातच करून दिली आहे, कारण आपल्याकडे ‘शंभर टक्के अनुदानित’ असा शब्द आहे आणि हुशार पोरगं नेमकं तिथे अडकतं: शंभर टक्के म्हणजे पूर्णतः शासनाच्या पैशातून ना? ते शंभर टक्के पगारापुरते असतात. शाळा काढणारी आणि चालवणारी संस्थाच असते. कलम 28(1) मधला ‘पूर्णतः’ हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळेला लागतो, दुसरी शाळा 28(3) मध्ये बसते. प्रश्नात ही फोड दिली नाही तर दोन्हीकडून वाद घालता येतो आणि तपासताना तुमचीच पंचाईत होते.

आणखी एक. पहिल्या शाळेच्या बाबतीत ‘शिकवण’ असं लिहिलं आहे, ‘प्रार्थना’ नाही. 28(1) मध्ये मनाई आहे ती धार्मिक शिक्षणाला. उपासनेचा उल्लेख 28(3) मध्ये येतो. परिपाठातली प्रार्थना 28(1) मध्ये येते का, हा प्रश्न केंद्रीय विद्यालयांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2019 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोठ्या पीठाकडे पाठवला. न्यायमूर्तींनाच जो मोठ्या पीठापुढे न्यावा लागला, तो बारावीच्या पोराला ‘चूक की बरोबर’ म्हणून घालू नये. वर्गात चर्चेला घ्या, गुणांना लावू नका.

आता उत्तर. (अ) मध्ये पहिल्या शाळेला नाही. जिल्हा परिषद पूर्णपणे राज्याच्या निधीवर शाळा चालवते, म्हणून 28(1) प्रमाणे तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही; विद्यार्थी राजी असले तरी नाही, सगळं गाव एका धर्माचं असलं तरी नाही. ही शेवटची गोष्ट ज्यानं स्वतःहून लिहिली त्याला कलम कळलं असं समजा. दुसऱ्या शाळेला तास ठेवता येईल, पण ‘सगळ्यांनी बसायचं’ हे चालणार नाही. राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याचं सहाय्य घेणाऱ्या संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, असं 28(3) सांगतं. तिसऱ्या शाळेलाही हेच लागू. इथे निम्म्या वर्गाचा गुण जातो, कारण पोरं लिहितात की अनुदान घेत नाही म्हणजे शाळा मोकळी आहे. कलमात ‘मान्यता असलेल्या किंवा सहाय्य घेणाऱ्या’ असं आहे, दोन्ही असावं असं नाही. त्या एका ‘किंवा’वर हा गुण आहे.

28(2) हा अपवाद पाठ असलेलं पोरगं कधीकधी तोही लिहून टाकतं. राज्य चालवत असलेली पण मुळात एखाद्या विश्वस्त निधीतून किंवा दानातून उभी राहिलेली संस्था, जिच्या अटीतच धार्मिक शिक्षण आहे, तिला 28(1) ची मनाई नाही. आपल्या प्रश्नात अशी शाळा नाही. लिहिलं म्हणून गुण वाढवू नका आणि कापूही नका.

(आ) मध्ये मुख्याध्यापक चूक. कलम संमती मागतं, हरकत मागत नाही. गप्प बसणं ही संमती होत नाही. मुलगी सातवीतली, म्हणजे संमती पालकाची हवी. कायद्याच्या मराठीत 18 वर्षांखालच्या व्यक्तीला ‘अज्ञान’ म्हणतात, आणि पोरं या शब्दावर घसरतात: ‘मुलगी अज्ञान आहे, तिला धर्म कळत नाही, म्हणून तिला बसवावे’ अशी उत्तरं येतात. शिकवतानाच सांगून ठेवा की इथे अज्ञान म्हणजे वयाने लहान, अडाणी नव्हे.

(इ) हा खरा भाग, कारण तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्नच तो आहे. उत्तर बाहेरून आणायची गरज नाही, ते त्याच कलमाच्या आत आहे. राज्याचा धर्मावर राग असता तर त्याने तिन्ही शाळांत मनाई केली असती. प्रत्यक्षात त्याने फक्त स्वतःच्या शाळेचं दार लावलं. दुसऱ्या शाळेत तो धर्माचा तास चालू असताना राज्य तिथल्या शिक्षकांचे पगार देतं आणि ‘तो तास बंद करा, मगच अनुदान’ अशी अट घालत नाही. अट एकच, कोणाला जबरदस्तीनं बसवू नका. वर कलम 30(2) आहेच: संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून अनुदानात दुजाभाव करता येत नाही. मग पहिल्या शाळेलाच मनाई का? कारण तिथे फळ्यासमोर उभा राहणारा माणूस राज्याच्या नावानं उभा आहे. त्यानं एका धर्माची शिकवण खरी म्हणून दिली तर ती राज्याची शिकवण होते, आणि ज्याचं घर वेगळं आहे त्या पोराला स्वतःच्याच सरकारी शाळेत पाहुणा असल्यासारखं वाटतं. तीन गुणांच्या उत्तरात एवढा युक्तिवाद पुरे. शब्द वेगळे असतील, पण ‘मनाई राज्याला आहे, धर्माला नाही’ ही गोष्ट कुठल्या तरी रूपात आली पाहिजे.

खरा धर्मविरोध कसा दिसतो हे समोर ठेवल्याशिवाय फरक ठसत नाही. त्यासाठी अल्बानियाचं उदाहरण नेमकं आहे. तिथल्या सरकारनं 1967 मध्ये मशिदी आणि चर्च बंद केले आणि 1976 च्या संविधानात लिहून ठेवलं की राज्य कोणताही धर्म मानत नाही आणि नास्तिक विचाराला पाठबळ देतं. त्या वाक्याचे दोन तुकडे करून पोरांना विचारा, आपल्याशी कोणता जुळतो? पहिला तुकडा वरवर आपल्यासारखा वाटतो, राज्याला स्वतःचा धर्म नाही. दुसऱ्या तुकड्यात राज्यानं बाजू घेतली, नास्तिकतेची. बाजू धर्माची घ्या नाहीतर धर्माविरुद्ध घ्या, निरपेक्षता दोन्हीकडे मोडते. सोव्हिएत संघाचं 1936 चं संविधान आणखी बारीक उदाहरण आहे. कलम 124 मध्ये धार्मिक उपासनेचं स्वातंत्र्य होतं, आणि प्रचाराचं स्वातंत्र्य होतं ते धर्मविरोधी प्रचाराचं. आपलं कलम 25 ‘धर्माचे प्रकटीकरण, आचरण व प्रसार’ असे तिन्ही शब्द एकत्र देतं. हे दोन मजकूर शेजारी ठेवून ‘फरक स्पष्ट करा’ असा चार गुणांचा प्रश्न होतो, आणि त्याला पाठांतर उपयोगी पडत नाही.

आपल्या संविधान सभेतही ही बाजू घेण्याची वेळ आली होती. 17 ऑक्टोबर 1949 ला उद्देशिकेवर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी सुचवलं की तिची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी. मतदान झालं, बाजूने 41 आणि विरोधात 68. विद्यार्थी हे आकडे वाचून म्हणतात, 68 जण नास्तिक होते. हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप बघा. त्यांचा विरोध देवाला नव्हता. जी गोष्ट प्रत्येकाच्या मनाची आहे ती सगळ्यांच्या वतीनं, सगळ्यांवर बांधून लिहू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्याच सभेनं देवाचं नाव संविधानातून हद्दपारही केलं नाही. तिसऱ्या अनुसूचीतली मंत्र्यांची शपथ उघडा: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. दोन्ही पर्याय एकाच ओळीत, निवड शपथ घेणाऱ्याची. टीव्हीवर शपथविधी सगळ्यांनी पाहिलेला असतो, तेव्हा हा मुद्दा सांगायला फार वेळ लागत नाही.

याच ठिकाणी 1976 ची चूक काढून टाका. ‘1976 पूर्वी भारत धर्मनिरपेक्ष नव्हता’ हे विधान ‘चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’साठी उत्तम आहे. शब्द 42 व्या घटनादुरुस्तीनं आला, पण कलमे 25 ते 28 पहिल्या दिवसापासून, 26 जानेवारी 1950 पासून लागू आहेत. शब्द यायच्या तीन वर्षं आधी, 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात धर्मनिरपेक्ष स्वरूप हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग म्हणून सांगितला गेला, आणि 1994 च्या बोम्मई निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो पक्का केला. उद्देशिकेतून हा शब्द काढावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये फेटाळली. विधान चूक, आणि कारणात कलम 25 ते 28 किंवा 1973 यांपैकी एक तरी हवं. नुसतं ‘आपला देश पूर्वीपासून सहिष्णू आहे’ हे कारण नव्हे.

आता उलट बाजूचा प्रसंग. आतापर्यंत राज्य स्वतःला आवरतं हे पाहिलं. पण अंतर ठेवणं म्हणजे कोणाच्या श्रद्धेकडे बघायचंच नाही असं नाही, आणि हे दाखवायला 1986 चा बिजो इमॅन्युएल खटला घ्या. केरळमधली तीन भावंडं, यहोवाज विटनेस या लहानशा ख्रिस्ती पंथाची. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती सगळ्यांबरोबर शांतपणे उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना फक्त देवाची. 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला सांगितलं. ती उभी राहतात, कोणाला त्रास देत नाहीत, गीताचा अपमान करत नाहीत, आणि राष्ट्रगीत गायलंच पाहिजे असा कायदाही नाही; मग त्यांना काढणं हे कलम 19(1)(क) मधल्या अभिव्यक्तीच्या आणि कलम 25 मधल्या धर्माच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असं न्यायालय म्हणालं. ती श्रद्धा न्यायमूर्तींना पटली का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. ती मनापासूनची आहे का, एवढंच पाहिलं.

या खटल्यावर प्रश्न काढताना प्रसंगातली एक गोष्ट बदलून द्या: ‘मुले उभी राहण्यासही नकार देऊन इतरांच्या गायनात अडथळा आणतात.’ उत्तर बदलेल का? बदलेल. राष्ट्रगीत गाणाऱ्यांना मुद्दाम अडथळा आणणं हा 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याखाली गुन्हा आहे. निकाल पाठ केलेलं पोरगं इथेही ‘मुलांना परत घ्यावे’ लिहितं. मर्यादा कळलेलं पोरगं थांबतं आणि विचार करतं.

एक सापळा मराठीच्या पुस्तकात बसला आहे. ‘जिल्हा परिषदेच्या शाळेत तुकारामाचा अभंग शिकवतात, मग 28(1) मोडलं नाही का?’ हा प्रश्न जरूर विचारा, कारण यात धर्माबद्दल शिकवणं आणि धर्म शिकवणं वेगळं करावं लागतं. अभंगाचा अर्थ सांगणं, त्यातला अलंकार दाखवणं, तो काळ समजावणं हा भाषेचा तास आहे. तोच शिक्षक ‘आता सगळ्यांनी हे खरं मानून नामस्मरण करा’ म्हणाला तर तास बदलला. सर्वोच्च न्यायालयानं 1971 च्या डी. ए. व्ही. कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असं म्हटलं, आणि 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यात हाच भेद धरला. विद्यार्थ्याला खटल्यांची नावं आली नाहीत तरी चालेल. धर्माबद्दल सांगणं आणि धर्म पाळायला लावणं वेगळं, एवढं लिहिलं की पूर्ण गुण.

राज्य धर्मात हात घालतं तेव्हा काय, हाही प्रश्न येतोच. ‘मंदिरं सगळ्यांना उघडा म्हणणं हा हस्तक्षेप नाही का?’ हस्तक्षेप आहे, आणि तो संविधानाने मोकळेपणानं मान्य केला आहे, कलम 17 मध्ये आणि 25(2)(ख) मध्ये. विदर्भातल्या पोरांना इथे अमरावतीच्या अंबादेवीचं उदाहरण द्या. 1927 मध्ये त्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना आंदोलन करावं लागलं. आंदोलन देवीविरुद्ध नव्हतं, देवीपर्यंत जाऊ देत नव्हते त्यांच्याविरुद्ध होतं. ज्या माणसाला आत जायचं आहे तो धर्माचा शत्रू कसा असेल, आणि त्याला आत जाऊ देणारा कायदा तरी धर्माचा शत्रू कसा, असं विचारून सोडून द्या. पोरं पुढचं स्वतः बोलतात.

इथे एक खबरदारी घ्या. 25(2)(ख) च्या खाली एक स्पष्टीकरण आहे, ज्यात ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरले आहेत. तुमच्या वर्गात बौद्ध मुलं नक्की असतील, आणि ते वाक्य अर्धवट वाचलं तर ती दुखावतात किंवा भांडतात, आणि त्यांचं चुकत नाही. ते स्पष्टीकरण फक्त त्या उपखंडापुरतं, संस्था सगळ्यांना खुल्या करण्याच्या तरतुदीपुरतं आहे. ते पूर्ण वाचून दाखवा, नाहीतर घेऊ नका.

भोंग्याचा प्रश्न पोरं स्वतः काढतील, म्हणून तयार राहा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. हा धर्मविरोध आहे का, हे ओळखायला एक सोपी कसोटी शिकवा: नाव बदलून बघा. आदेशात ‘काकडा’ आहे तिथे ‘अजान’ लिहा, मग ‘जयंतीची मिरवणूक’ लिहा, मग ‘लग्नातला डीजे’ लिहा. चारही वेळा आदेश तसाच लागू होत असेल तर कारण आवाज आहे. एकाच नावाला लागू होऊन बाकीच्यांकडे काणाडोळा होत असेल तर तो कलम 14 आणि 15 चा भंग आहे, कागदावर नियम कितीही बरोबर असला तरी. ही कसोटी गावातल्या कुठल्याही वादाला लावता येते, म्हणून परीक्षेत तिला वेगळा प्रसंग द्या, भोंगा देऊ नका. ग्रामपंचायतीच्या सभागृहाचं भाडं चांगलं: एका मंडळाला सप्ताहासाठी फुकट, दुसऱ्याला उरुसासाठी किंवा धम्म परिषदेसाठी पैसे भरून. पोरं दोन ओळींत उत्तर देतात, आणि बहुतेक बरोबर देतात.

तपासताना दोन तऱ्हेच्या उत्तरांपाशी हात थांबू द्या. पहिलं, ‘सर्वधर्मसमभाव’ लिहिणारं. ते चूक नाही, अपुरं आहे. समभाव हा माणसाच्या मनातला गुण. संविधान राज्याच्या वागण्यावर अट घालतं. एखाद्या तहसीलदाराच्या मनात समभाव नसला तरी त्याचा आदेश सगळ्यांना सारखा असावा लागतो. ज्यानं समभाव लिहून पुढे राज्यावरचं एक तरी बंधन सांगितलं त्याला पूर्ण गुण, नुसता समभाव लिहिला त्याला निम्मे. दुसरं, टीका करणारं उत्तर. भारतीय राज्य सगळ्या धर्मांपासून सारखं अंतर ठेवत नाही, असं एखादं पोरगं लिहील आणि उदाहरण देईल: 1955-56 मध्ये हिंदू कायद्यात सुधारणा केली, इतरांच्या व्यक्तिगत कायद्यांना तसा हात लावला नाही, किंवा कलम 290 क प्रमाणे देवस्थानांच्या निधीला सरकारी तिजोरीतून दरवर्षी रक्कम जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अशा टीकेला गुण द्या, कारण ती टीका तत्त्व मान्य करूनच केलेली आहे. तेच पोरगं उदाहरणाच्या जागी एखाद्या समाजाला नावं ठेवू लागलं, तर त्या ओळींखाली लाल रेघ मारून ‘पुरावा?’ एवढंच लिहा आणि त्या ओळींचे गुण सोडा.

प्रश्नपत्रिकेत ‘तुमच्या धर्माचे उदाहरण देऊन स्पष्ट करा’ असं कधीच लिहू नका. वर्गात गोंड आणि कोलाम मुलं असतील, ज्यांच्या देवाचं नाव पुस्तकात कुठेच नसतं. घरी धर्मच न मानणारं एखादं असेल. कलम 25 ची सुरुवात सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यानं होते. गुण मिळवायला ते उघड करायला लागू नये. उदाहरण मागायचं असेल तर ‘तुमच्या परिसरातील एका प्रसंगाआधारे’ असं लिहा. पोरं हवं ते लिहितील आणि हवं ते राखून ठेवतील.